दोन स्पीकर, एक फोन आणि मधले काही मिलिसेकंद

एकाच मॉडेलचे दोन ब्लूटूथ स्पीकर घेतले, दोन्ही फोनला जोडले आणि गाणं लावलं, की बहुतेकांची पहिली तक्रार असते: "डावा जास्त वाजतोय." मग सेटिंग्जमध्ये जाऊन बॅलन्सची पट्टी उजवीकडे सरकवली जाते. थोडा वेळ बरं वाटतं. गाणं थांबवून पुन्हा लावलं की आता उजवा जास्त वाजू लागतो. आवाजाची पातळी मुळात दोन्हीकडे सारखीच असते. फरक असतो तो वेळेत, आणि बॅलन्सची पट्टी वेळेला हातही लावत नाही.

उशिराने येणारा आवाज आपल्याला 'कमी' का वाटतो, याचं उत्तर ब्लूटूथपेक्षा बरंच जुनं आहे. लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये मांडलं, की आवाजाची दिशा ओळखताना कान दोन गोष्टी पाहतो: कोणत्या कानाशी आवाज मोठा आहे आणि कोणत्या कानाशी तो आधी पोहोचला. डोक्याच्या रुंदीमुळे हा वेळेचा फरक जास्तीत जास्त पाऊण मिलिसेकंदाच्या आत असतो. ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीतले अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी 1931 च्या डिसेंबरमध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तोही कानाच्या याच क्षमतेवर उभा होता. गायकाचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखा असतो. दोन्ही स्पीकरमधून तो एकाच क्षणी आला, की मेंदू तो बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे उभा करतो.

पुढचा दुवा 1949 चा. हेल्मुट हास यांनी आपल्या प्रबंधात दाखवलं, की तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला तर कान दोन आवाज ऐकत नाही. आधी पोहोचलेला आवाज दिशा ठरवतो आणि मागून आलेला त्यात विरघळून जातो. साधारण एक मिलिसेकंदापासून तीस-चाळीस मिलिसेकंदांपर्यंत असंच चालतं. त्यापलीकडे गेलं की मग प्रतिध्वनीसारखा दुहेरी आवाज येतो. म्हणजे वीस मिलिसेकंदांचा घोळ प्रतिध्वनी म्हणून ऐकूच येत नाही. फक्त गायक मधून उठून एका स्पीकरवर जाऊन बसतो, आणि ऐकणारा म्हणतो की तो स्पीकर जास्त वाजतोय.

आता हा उशीर येतो कुठून? ब्लूटूथवरून संगीत पाठवण्याचे नियम, म्हणजे ए-टू-डी-पी, 2003 मध्ये ठरले. त्यांच्या नजरेसमोर एक पाठवणारा आणि एक ऐकणारा होता: फोन आणि हेडफोन. फोन आवाजाची पाकिटं करून पाठवतो. हेडफोन ती आपल्या साठ्यात जमा करतो आणि पुरेशी जमली की वाजवायला सुरुवात करतो. साठा किती ठेवायचा हे ऐकणारं उपकरण ठरवतं. 'हे पाकीट अमुक क्षणी वाजव' असं सांगण्याची सोय त्यात नव्हती. एकाच उपकरणासाठी तिची गरजही नव्हती, कारण डावा आणि उजवा कान एकाच डब्यातून, एकाच तारेने वाजत होते. सगळा आवाज शंभर किंवा दोनशे मिलिसेकंद मागे पडला तरी गाण्याला काही फरक पडत नाही, व्हिडिओतले ओठ तेवढे चुकतात. हा सामाईक उशीर आणि दोन स्पीकरमधला आपापसातला उशीर या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की माणूस भलतीच दुरुस्ती करत बसतो.

अशा रचनेवर दोन स्पीकर बसवण्याचे दोन रस्ते निघाले, आणि तुमची तक्रार यांपैकी कोणत्या रस्त्यावरची आहे यावर सगळं अवलंबून असतं.

पहिला रस्ता फोनचा. 2017 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-8 सोबत Dual Audio ही सोय आली: फोन एकाच वेळी दोन स्वतंत्र उपकरणांशी बोलतो आणि दोघांनाही तेच संगीत पाठवतो. दोन माणसांनी आपापल्या हेडफोनवर एकच गाणं ऐकावं, यासाठी ती सोय उत्तम आहे. स्टिरिओसाठी मात्र ती बनलेलीच नाही. दोन्ही स्पीकरना पूर्ण स्टिरिओ जातं, म्हणजे दोघेही डावं-उजवं मिळून वाजवतात. आणि प्रत्येकाचा साठा वेगळा भरतो, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. क्रिस्टल घड्याळात दहा लाखात वीस भागांची चूक चालवून घेतली जाते. एक स्पीकर तेवढा पुढे आणि दुसरा तेवढा मागे असेल, तर मिनिटाला 2.4 मिलिसेकंदांची तफावत पडू शकते. स्पीकर आपला साठा वाढतोय की आटतोय हे पाहून वेग सावरतात, पण प्रत्येक जण एकट्याने सावरतो, जोडीदाराकडे न पाहता.

दुसरा रस्ता स्पीकरचा. केंब्रिजच्या सीएसआर कंपनीच्या चिपमधून 'ट्रू वायरलेस स्टिरिओ' नावाने हे तंत्र पसरलं. 2015 मध्ये क्वालकॉमने ती कंपनी घेतली, आणि आज स्पीकरच्या खोक्यावर टी-डब्ल्यू-एस ही अक्षरं दिसतात ती इथलीच. यात फोनला एकच स्पीकर दिसतो. तो मुख्य. तो संगीत घेतो, एक बाजू स्वतःकडे ठेवतो आणि दुसरी बाजू जोडीदाराकडे पुढे पाठवतो. मोलाची गोष्ट अशी, की या दोघांमध्ये आता स्वतःचा ब्लूटूथ दुवा असतो, आणि ब्लूटूथच्या मूळ रचनेत अशा दुव्यातल्या सगळ्यांना प्रमुखाच्या घड्याळाशी जुळवूनच चालावं लागतं. ते घड्याळ 312.5 मायक्रोसेकंदांचे ठोके देतं. म्हणून मुख्य स्पीकर सांगू शकतो की हा तुकडा अमुक ठोक्याला वाजव, आणि स्वतःही तोवर थांबतो. या थांबण्यामुळे व्हिडिओच्या मागे पडणं थोडं वाढतं, पण डावं-उजवं एकत्र येतं.

मी हे माझ्या जोडीवर मोजून पाहिलं ते असं. ध्वनी संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एक स्टिरिओ फाइल केली: फक्त डाव्या चॅनेलमध्ये एक टिक, बरोबर 500 मिलिसेकंदांनी फक्त उजव्यात एक टिक, आणि हे दर सेकंदाला. खाली अगदी मंद खरखर भरली, कारण शांतता मिळाली की अनेक स्पीकर स्वतःला झोपवतात आणि पुढच्या टिकचा आरंभ गिळतात. दुसरा फोन दोन्ही स्पीकरच्या मधोमध ठेवून रेकॉर्ड केलं आणि पडद्यावर दोन टिकमधलं अंतर वाचलं.

दोन्ही स्पीकर फोनला स्वतंत्र जोडलेले असताना प्रत्येक टिकच दुहेरी उमटली, कारण दोन्ही स्पीकर दोन्ही बाजू वाजवत होते. जुळ्या टोकांमध्ये 38 मिलिसेकंदांचं अंतर होतं. गाणं थांबवून पुन्हा लावल्यावर ते 21 झालं, आणि आधी वाजणारा स्पीकर बदलला. प्रत्येक सुरुवातीला आकडा बदलतो, ही या पहिल्या रस्त्याची पक्की खूण. असा उशीर कोणत्याही पट्टीने भरून निघत नाही, कारण तो स्थिरच नाही.

मग दुरुस्तीला लागलो. फोनच्या ब्लूटूथ यादीतून दोन्ही स्पीकर विसरायला लावले. एक जरी राहिला तरी चालू होताच तो परस्पर फोनला जाऊन चिकटतो आणि जोडीदाराला सापडत नाही. दोन्ही स्पीकर रीसेट केले, ॲपमधून दोघांचं फर्मवेअर एकाच आवृत्तीवर आणलं. आधी एकच स्पीकर फोनला जोडला, त्यानंतर दोघांवरचं जोडीचं बटण दाबून त्यांना एकमेकांशी बांधलं. शेवटी ॲपमध्ये पार्टीऐवजी स्टिरिओ निवडलं. ही पायरी बरेच जण विसरतात. पार्टीमध्ये वेळ जुळलेली असते, पण दोन्हीकडे तेच वाजतं, म्हणून डावी टिक दोन्ही स्पीकरमधून येते. फोनच्या सुलभता सेटिंग्जमध्ये Mono audio चालू राहिलं असेल तरी परिणाम अगदी तसाच दिसतो, तेही पाहून घ्यावं.

आता अंतर आलं 500.4 मिलिसेकंद. थांबवून, पुन्हा लावून, दहा मिनिटं वाजवूनही तेच. हा उरलेला 0.4 मात्र रेडिओचा नव्हता. आवाज हवेतून मिलिसेकंदाला सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे 0.4 चे होतात 14 सेंटिमीटर. फितीने मोजलं तर रेकॉर्ड करणारा फोन उजव्या स्पीकरपासून तेवढाच जास्त लांब होता. तो सरकवल्यावर आकडा 500 वर आला. ऐकणाऱ्याचंही हेच होतं: हात-दीड हात एका बाजूला बसलं, की अंतरातला फरक एक-दोन मिलिसेकंदांवर जातो आणि जवळचा स्पीकर गायकाला ओढून घेतो. जोडणी बिनचूक असतानाही हे घडतं, आणि त्यावर खुर्ची सरकवणं हाच उपाय आहे.

जोडी बांधल्यावरही अधूनमधून एक बाजू अडखळली, तर संशय दोन स्पीकरमधल्या दुव्यावर घ्यावा. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचं शरीर बरंचसं पाणीच आहे. फोन मुख्य स्पीकरजवळ ठेवून पाहावा, दोन स्पीकरमधलं अंतर कमी करून पाहावं, त्यांच्या मधून माणसांची ये-जा होते का ते बघावं. फक्त जोडीदार अडखळत असेल तर दोष मधल्या दुव्याचा. दोन्ही एकदम अडखळत असतील तर फोन ते मुख्य स्पीकर या दुव्याचा.

2003 मध्ये राहून गेलेली ती 'अमुक क्षणी वाजव' सांगण्याची सोय शेवटी एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत आली. जानेवारी 2020 मध्ये त्याची घोषणा झाली आणि 2022 मध्ये त्याचे नियम पूर्ण झाले. त्यात फोन डाव्या आणि उजव्या स्पीकरला आपापल्या बाजूचा आवाज थेट पाठवतो आणि सोबत एक ठरलेला विलंबही सांगतो: संदर्भक्षणापासून इतक्या मायक्रोसेकंदांनी वाजवा. ज्याला पाकीट आधी मिळालं तो थांबतो. मुख्य आणि जोडीदार असा भेदच उरत नाही. अट एवढीच, की फोन आणि दोन्ही स्पीकर, तिघांनाही ते यायला हवं. एक जरी जुना निघाला तरी मामला पुन्हा ए-टू-डी-पीवर आणि त्या बटणाने बांधलेल्या जोडीवर येतो.