सही कशावर करायची, ते पहिल्या ओळीत

(अहवाल-संपादनासाठी आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांसाठी)

तुमचा अहवाल आमच्याकडे आला की आम्ही आधी फक्त सारांशाचं पान वाचतो आणि स्वतःला विचारतो, हे वाचून वरिष्ठांनी नेमकं काय ठरवायचं आहे? बऱ्याचदा उत्तर शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असतं. कधी कधी ते पानावर नसतंच.

यात लिहिणाऱ्याचा आळस नसतो. ज्या क्रमाने काम झालं त्याच क्रमाने आपण लिहीत जातो: पार्श्वभूमी, पद्धत, निरीक्षणं, मग निष्कर्ष. सारांश करताना प्रत्येक प्रकरणातून दोन-दोन ओळी उचलल्या जातात आणि अनुक्रमणिकाच गद्यात उतरते. वाचणाऱ्याचा क्रम मात्र उलटा असतो. त्याला आधी मागणी कळायला हवी, मग कारण, मग धोका. पद्धत त्याला हवी असेल तर तो पान उलटून बघेल.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कारखान्यातल्या तीन एअर कॉम्प्रेसरवर ४६ पानांचा अहवाल तयार झाला. सारांशाची पहिली ओळ अशी होती:

“सदर अहवालात कारखान्यातील कॉम्प्रेसर यंत्रणेच्या सद्यस्थितीचा सर्वंकष आढावा घेण्यात आला असून विविध पर्यायांचा विचार करण्यात आला आहे.”

हे वाचून कुणीही काहीही ठरवू शकत नाही. कोणत्याही अहवालावर ही ओळ चिकटवता येईल, आणि दोष नेमका तिथेच आहे. तीच सुरुवात आम्ही अशी करू:

“कॉम्प्रेसर क्र. २ बदलण्यास या महिन्याअखेर मंजुरी द्यावी, क्र. १ आणि ३ सध्या आहेत तसेच ठेवावेत. गेल्या १२ महिन्यांत हवेअभावी उत्पादन १९ वेळा थांबलं, त्यांपैकी १४ वेळा क्र. २ मुळे. त्याचा एअर-एंड झिजला आहे आणि दोनदा दुरुस्त करूनही बिघाड थांबलेला नाही (पान १७). तिन्ही बदलण्याचा पर्याय आम्ही सोडला, कारण उरलेल्या दोन्हींचे बिघाड नेहमीच्या देखभालीत आटोक्यात येणारे आहेत (पान २९).”

आता मागणी काय, कधीपर्यंत आणि कशाच्या जोरावर, हे चार वाक्यांत कळतं. नाकारलेला पर्यायही सांगितला आहे. तो गाळू नका. “मग तिन्ही का नाही बदलत?” हा बैठकीतला पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर पानावर नसलं की फाइल परत येते.

अजून एक परिच्छेद राहिला, आणि लोक तोच सर्वाधिक टाळतात: जे माहीत नाही ते. या अहवालाच्या ३८व्या पानावर एक ओळ होती की पाइपलाइनमधली हवेची गळती मोजलेली नाही. गळती मोठी निघाली, तर ती बंद केल्यावर कमी क्षमतेचं यंत्रही पुरेल. म्हणजे या एका ओळीवर खरेदीचा आकार अवलंबून आहे. म्हणून सारांशात हवं: “मंजुरी आता द्यावी, पण यंत्राची क्षमता गळतीची चाचणी झाल्यावरच ठरवावी. चाचणीला दोन दिवस लागतील.” निर्णय बदलू शकणारी अनिश्चितता वर आणायची, बाकीच्या मर्यादा आत राहिल्या तरी चालतं.

एवढं एका पानात बसतं. आकडेवारीचा मोह आवरत नसेल तर १९४० सालचं चर्चिल यांचं टिपण आठवा. ऐन युद्धात त्यांनी सहकाऱ्यांना लिहिलं होतं की मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडा आणि सविस्तर विश्लेषण परिशिष्टात टाका.

सारांश कधी लिहावा, यावर आमचं मत थोडं वेगळं आहे. शिफारशीचं वाक्य अहवालाला हात घालण्याआधीच कच्चं लिहून बघा. ते जमत नसेल तर अडचण भाषेची नाही, निर्णयच अजून झालेला नाही. बाकीचा सारांश मात्र अगदी शेवटी लिहा. आधी लिहिला की पुढे तक्ते सुधारतात, सारांश तसाच राहतो. मग सारांशात १४ आणि तक्त्यात १३ दिसलं की वरिष्ठांचा विश्वास सगळ्याच आकड्यांवरून उडतो. छपाईआधी सारांशातला प्रत्येक आकडा बोट ठेवून मूळ पानाशी ताडून घ्या.

काही अहवालांत मागणी नसते, फक्त माहिती द्यायची असते. तिथे ओढूनताणून शिफारस घुसवू नका. “मंजुरीची गरज नाही, माहितीसाठी सादर” असं पहिल्याच ओळीत लिहा आणि त्याखाली सर्वांत महत्त्वाचा बदल सांगा.

आमच्याकडे मसुदा पाठवताना सोबत दोन गोष्टी कळवा: सही कोण करणार आणि कोणत्या तारखेआधी. अहवालात या दोन्ही गोष्टी बहुधा कुठेच लिहिलेल्या नसतात.