पोस्ट शेड्यूल करणारं टूल घेताना: कोणती खाती चालतात, रांगेत किती पोस्ट बसतात आणि जुने आकडे किती दिवस दिसतात

अंबाजोगाई, परळी भागात सोशल मीडियाचं काम करताना एक गंमत नेहमी दिसते. टूलसाठी नोंदणी करायची म्हटलं की माणसं आधार, पॅन आणि दोन पासपोर्ट फोटो घेऊन हजर. यातलं काहीच लागत नाही. जे लागतं ते मात्र बहुतेकदा पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याच्या फोनमध्ये असतं.

उदाहरण म्हणून केशर आंबा विकणारा बीड जिल्ह्यातला एक शेतकरी गट घेऊ. त्यांचं फेसबुक पेज आहे, इन्स्टाग्राम खातं आहे, यूट्यूब चॅनल आहे आणि गूगल मॅपवर पॅकिंग शेडची नोंद आहे. वर्षभर तुरळक पोस्ट पडतात. मे महिन्यात मात्र रोज दोन टाकायच्या असतात, कारण तेव्हाच पेट्या जातात.

पात्रता: कोणतं खातं जोडता येतं

फेसबुकचं वैयक्तिक प्रोफाइल जोडता येत नाही. ऑगस्ट 2018 पासून फेसबुकने बाहेरच्या टूलना वैयक्तिक प्रोफाइलवर पोस्ट टाकायची परवानगी काढून घेतली. 2024 मध्ये ग्रुपचा मार्गही बंद झाला. म्हणजे पेजच हवं, आणि त्या पेजवर तुम्हाला पूर्ण नियंत्रण हवं. इन्स्टाग्राम खातं व्यावसायिक किंवा क्रिएटर प्रकारचं लागतं. ते साधं वैयक्तिक असेल तर टूल फार तर वेळेवर फोनवर आठवण देईल, पोस्ट मात्र तुम्हालाच टाकावी लागेल. हा बदल इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये फुकट आणि दोन मिनिटांत होतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपोआप पोस्ट टाकायची सोय या टूलमध्ये नसते, म्हणून तो हिशेबातच धरू नका.

बऱ्याच टूलमध्ये मोजणी खात्यांची होते, माणसांची नाही. आपल्या गटाची खाती झाली चार. बफर हे असंच एक पोस्ट शेड्यूल करणारं टूल, त्याच्या फुकट प्लॅनमध्ये तीन खाती बसतात. यूट्यूबवर महिन्याला एखादाच व्हिडिओ जातो, तो हातानेच टाकावा आणि उरलेली तीन जोडावीत. एका खात्यासाठी पैसे भरायची गरज नाही.

काय काय जवळ ठेवायचं

नोंदणीसाठी गटाचा ईमेल वापरा, कुणाचा वैयक्तिक नको. पेजवर पूर्ण नियंत्रण असलेल्या माणसाचं फेसबुक लॉगिन लागेल आणि त्याचा फोन हाताशी हवा, कारण कोड तिथेच येतो. भाचा पुण्यात असेल तर त्याला आधीच सांगून तुमच्या खात्याला पेजचं नियंत्रण द्यायला लावा. खातं जोडताना परवानग्यांची यादी येते. तिथे एखादी खूण काढली, तर पोस्ट जातात पण आकडे येत नाहीत, किंवा इन्स्टाग्राम यादीत दिसतच नाही. असं झालं तर परत सगळ्या परवानग्या देऊन तेच खातं पुन्हा जोडा. आधी ते काढून टाकू नका. खातं काढलं की त्याची रांगेतली पोस्टही बहुतेक टूलमध्ये जाते. पासवर्ड बदलल्यावर जोडणी तुटते, तेव्हाही हेच करायचं.

रांगेची मर्यादा

इथे जवळजवळ सगळे फसतात. बफरच्या फुकट प्लॅनमध्ये प्रत्येक खात्याला 10 पोस्ट, याचा अर्थ महिन्याला 10 असा नाही. एका वेळी रांगेत 10 थांबू शकतात. एक गेली की एक जागा मोकळी होते. काही टूल मात्र महिन्याभरात गेलेल्या पोस्ट मोजतात, तिथे जागा पुढच्या महिन्यातच मोकळी होते. म्हणून प्लॅनच्या पानावर आकडा वाचण्याआधी तो ‘रांगेत’ आहे की ‘दरमहा’, हे वाचा.

गटातला मुलगा रविवारी रात्री बसून 10 पोस्ट भरतो. रोज दोनप्रमाणे शुक्रवारी रांग संपते, आणि शहरातलं गिऱ्हाईक ज्या शनिवार-रविवारी निवांत फोन बघतं, नेमकं तेव्हाच पेज गप्प. उपाय सोपा आहे. बुधवारी रात्री परत बसायचं. तोवर सहा गेलेल्या असतात, चार उरलेल्या असतात. सहा नव्या भरल्या की सोमवारपर्यंतची सोय झाली. रांगेसाठी पैसे भरायचं कारण माझ्या मते इथेही उरत नाही.

जुने आकडे: खरा खर्च इथे आहे

बफरचा फुकट प्लॅन शेवटच्या 30 दिवसांचेच आकडे दाखवतो. इन्स्टाग्रामच्या अ‍ॅपमधले खात्याचे एकत्रित आकडे, म्हणजे इनसाइट्स, 90 दिवस मागे जातात. ज्याचं दुकान बारमाही आहे त्याला हे पुरतं. आंबेवाल्याला नाही. पुढच्या एप्रिलच्या शेवटी गट विचारणार, गेल्या मे महिन्यात कोणत्या पोस्टवर जास्त चौकशी आली, पेटीच्या फोटोवर की झाडावरच्या पाडावर? टूल दाखवणार एप्रिल. इन्स्टाग्राम दाखवणार फार तर जानेवारीअखेरपासूनचं, म्हणजे मोहोराचे फोटो. मे पाहायचा तर एकेक जुनी पोस्ट उघडत बसायचं.

हंगामी धंद्याला किमान तेरा-चौदा महिन्यांचा इतिहास हवा, तरच हंगामाची हंगामाशी तुलना होते. त्यासाठी वरचा प्लॅन घेता येतो, पण मे-जूनपुरता घेऊन जुलैत फुकटवर उतरायचा बेत असेल तर जपून. प्लॅन उतरवला की जास्तीच्या खात्यांना कुलूप लागतं आणि इतिहास परत 30 दिवसांच्या खिडकीत जातो. पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरल्यावर मधला काळ दिसेल का, हे प्रत्येक टूलमध्ये वेगळं असतं. पैसे भरण्याआधी त्यांच्या मदत विभागाला लेखी विचारा, आणि प्लॅन संपायच्या आधी अहवाल उतरवून ठेवा.

मी गटाला सांगेन ते याहून साधं आहे. मे-जूनमध्ये दर रविवारी एका शीटमध्ये लिहायचं: तारीख, पोस्ट कशाची, किती जणांपर्यंत पोचली, किती जणांनी सेव्ह केली, आणि त्या दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर किती पेट्यांची मागणी आली. शेवटचा रकाना कोणतंही टूल कितीही पैसे घेऊन देणार नाही.

तरी पैसे भरायचे असतील तर

बरीच टूल खात्यागणिक आणि डॉलरमध्ये पैसे घेतात. एका खात्याचे दरमहा 6 डॉलर धरा. चार खात्यांचे 24 झाले, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 4.32, एकूण 28.32 डॉलर, आणि वर बँकेचं विदेशी चलनाचं शुल्क. जीएसटी क्रमांक दिला तर बिलात कर लागत नाही, पण तो आपल्याला रिव्हर्स चार्जखाली भरावा लागतो. क्रमांक नसेल तर रकाना मोकळा सोडा, दुसऱ्याचा टाकू नका.

कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावे लागतात, नव्या कार्डावर ते बंदच असतात. पैसे कापायच्या 24 तास आधी बँकेचा मेसेज येतो. दरमहा पैसे आपोआप कापायची परवानगी, म्हणजे ई-मँडेट, नोंदली गेली नाही तर पुढच्या महिन्याचं पेमेंट अडकतं आणि भर हंगामात प्लॅन खाली येतो. म्हणून मार्चमध्येच एक महिना घेऊन पाहा, दुसरा हप्ता आपोआप गेला की मग मे महिन्याची रांग भरा.

फक्त फेसबुक आणि इन्स्टाग्रामच असेल, तर मेटाचं स्वतःचं बिझनेस सूट फुकट आहे. तिथे वरचं हे सगळं करायची वेळच येत नाही, शीट सोडून.