परावर्तन सर्वेक्षण, भूकंपीय (खानदेशातील ट्रॅपखालचे थर)

सुरुंगाने किंवा कंपकयंत्राने जमिनीत लहरी सोडायच्या, खडकांच्या सीमांवरून परतलेल्या लहरी जिओफोनने टिपायच्या आणि त्यांना लागलेल्या वेळावरून गाडलेली संरचना काढायची, अशी ही तेलशोधाची पद्धत. खानदेशात तिच्या आड येतो तो दख्खनचा बेसॉल्ट.

१९८० च्या दशकात थुआदरा–सेंधवा–सिंदाड या रेषेवर खोल भूकंपीय वेध घेण्यात आले. त्यांवरून तापी खोऱ्यात बेसॉल्टाखाली मध्यजीव काळातील गाळाचे खडक असावेत असे मांडले गेले. नर्मदा खोऱ्यात उघड्या पडलेल्या बाघ थरांशी त्यांचे नाते जोडणे सयुक्तिक वाटते. मात्र वालुकाश्म बाघचा असो वा त्याहून जुन्या गोंडवनाचा, लहरींचा वेग साधारण सारखाच येऊ शकतो. त्यामुळे केवळ वेगावरून वय ठरवू नये.

अडचणीचे मूळ वेगाच्या उलट्या क्रमात आहे. बेसॉल्टात वेग सेकंदाला ५ किमी आणि खालच्या वालुकाश्मात ३.८ किमी धरू. खाली वेग घटला की त्या सीमेवरून सरकत जाणारी अपवर्तित लहर निर्माणच होत नाही, म्हणून अपवर्तन पद्धतीला गाळाचा माथा थेट दिसत नाही. परावर्तनाला वेग वाढण्याची अट नाही. घनता २.८ व २.४ धरल्यास परावर्तनांक सुमारे −०.२१ येतो, म्हणजे परतणारी लहर ठळक पण उलट्या चिन्हाची असते.

उघड्या बेसॉल्टाची जाडी १,००० मी. असेल, तर त्याच्या तळाचे परावर्तन ०.४ सेकंदाला येईल. तीच लहर जमिनीवर आपटून पुन्हा तळापर्यंत गेली, तर ०.८ सेकंदाला दुसरी खूण उमटते. ही पुनरावर्ती खूण खरी मानली, तर बेसॉल्टाखाली ७६० मी. खोलीवर नसलेली सीमा नकाशात येते.

पुनरावर्ती खूण आणि खरे परावर्तन यांतील फरक स्रोतापासून जिओफोनच्या अंतरावरून कळतो. `t² = t₀² + x²/v²` हे सूत्र लावू; `x` हे ते अंतर, `t` तेथे लहर पोहोचण्याची वेळ, `t₀` शून्य अंतरावरची वेळ आणि `v` वेग. पुनरावर्ती लहर फक्त बेसॉल्टातून फिरते, तेव्हा `v` ५ किमी. त्याच वेळेच्या खऱ्या परावर्तनासाठी वर्गमध्यमूळ वेग सुमारे ४.४ किमी येतो. २ किमी अंतरावर पहिली ०.८९४ सेकंदाला पोहोचते आणि दुसरे ०.९१८ सेकंदाला. एरवी गाळाच्या खोऱ्यांत पुनरावर्ती लहर खऱ्यापेक्षा मंद ठरते. येथे ती वेगवान ठरते, आणि गाळाच्या प्रदेशातला सराव घेऊन आलेला विद्यार्थी नेमका येथेच फसतो.

प्रत्यक्षात बेसॉल्ट एकसंध नसतो. लाव्हाच्या दोन थरांमधील तांबड्या मातीचे पट्टे उच्च वारंवारता गिळतात व आतल्या आत उसळ्या वाढवतात. धुळे-नंदुरबारकडील उभ्या डाईक भिंती ऊर्जा विखुरतात. उभ्या असल्याने त्यांचे स्वतःचे परावर्तन मात्र क्वचितच मिळते. म्हणून स्रोत कमी वारंवारतेचा आणि जिओफोनची रांग लांब ठेवावी लागते. वरच्याच उदाहरणात रांग ५०० मीटरवर थांबवली, तर दोन खुणांतील फरक जेमतेम २ मिलिसेकंद उरतो आणि तो नोंदीतल्या गोंगाटात हरवतो.