एका सेलवरची सावली आणि दहा व्होल्टची पायरी

गोव्यात छपरावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं की आधी नजर जाते ती शेजारच्या माडाकडे. झावळीची सावली पॅनेलच्या वीतभर भागावर पडते, तेव्हा नुकसानही तेवढंच होणार असं वाटतं. पण पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच विद्युतप्रवाह वाहतो. त्यामुळे एक सेल अडला तर त्याची झळ साऱ्या ओळीला बसते.

डिचोलीतलं एखादं छप्पर धरू. त्यावर ६० सेलची १० पॅनेल एकाच ओळीत जोडली आहेत, म्हणजे एकूण ६०० सेल. डिसेंबरातल्या निरभ्र दुपारी इन्व्हर्टर डीसी बाजूला २९० व्होल्ट आणि ८.५ अँपिअर दाखवतो, म्हणजे साधारण २,४६५ वॉट. आता त्यातल्या एका सेलचा अर्धा भाग सावलीत गेला. तो सेल आपल्या बळावर सव्वाचार अँपिअरच देऊ शकतो. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड पॅनेलमध्ये नसते तर इथे दोनच गोष्टी घडल्या असत्या. एक तर साऱ्या ओळीचा प्रवाह सव्वाचारवर येऊन निम्मी वीज गेली असती. नाहीतर बाकीच्या सेलनी आपला प्रवाह त्यातून जबरदस्तीने रेटला असता. त्या वेळी सेलवर उलटा दाब येतो आणि तो वीज देण्याऐवजी खाऊ लागतो. उलटा दाब २० व्होल्टपर्यंत गेला तर तळहाताएवढ्या त्या सेलमध्ये १७० वॉट उष्णता साठते. काचेमागचे तपकिरी डाग, जळालेले सांधे आणि तडकलेली काच यांचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

हे टाळण्यासाठी अशा पॅनेलमध्ये २० सेलचे तीन गट करतात आणि प्रत्येक गटाला समांतर एक बायपास डायोड जोडतात. पॅनेलच्या पाठीवरच्या काळ्या जंक्शन बॉक्समध्ये हे तीन डायोड असतात. एरवी त्यांतून प्रवाह जात नाही. सावलीतल्या सेलमुळे गटाचा दाब उलटा होऊ लागला की तिथला डायोड चालू होतो आणि ८.५ अँपिअर त्या गटाला वळसा घालून पुढे जातात. त्या गटाचे जवळपास ९.७ व्होल्ट जातात, डायोड स्वतः अर्धा व्होल्ट घेतो आणि ओळ २८० व्होल्टवर येते. प्रवाह मात्र तेवढाच राहतो. तोटा ८५ वॉटच्या आसपास, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत. सेल थोडा तापतोच, पण त्याच्यावरचा उलटा दाब आता आपल्याच गटातल्या १९ सेलच्या दाबाहून फारसा वाढू शकत नाही.

ही दहा व्होल्टची पायरीच सावली मोजायचं सर्वांत सोपं साधन आहे. निरभ्र दिवशी, माडाची सावली छपरावर असते त्या वेळात, दर दहा मिनिटांनी डीसी व्होल्टेज आणि प्रवाह लिहून ठेवा. ऊन चढलं की प्रवाह वाढतो आणि पॅनेल तापलं की व्होल्टेज घसरतं, पण हे बदल सावकाश होतात. सावलीचा बदल एकदम दिसतो. २९० वरून २७० झाले तर दोन गट बाजूला पडले, असं समजा. १७० वॉटचा तोटा दोन तास टिकला तर दिवसाला सुमारे एक तृतीयांश युनिट गेलं. झावळ्या छाटायच्या की पॅनेल सरकवायचं, हे या आकड्यावरूनच ठरवावं. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांत ही मोजणी करू नका. तेव्हा उजेड सगळीकडून येतो आणि सावलीला धार राहत नाही.

कधी कधी सावली थोडीच असूनही व्होल्टेज २९० च्या वरच राहतं आणि प्रवाह मात्र निम्म्यावर येतो. डायोड शाबूत असले तरी असं होऊ शकतं. अशा ओळीची वीज दोन वेगवेगळ्या व्होल्टेजला शिखर गाठते आणि इन्व्हर्टर त्यातल्या लहान शिखरावर अडकतो. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये सावलीसाठी वेगळी सेटिंग असते. ती चालू केली की तो ठरावीक वेळाने व्होल्टेजचा पूर्ण पट्टा तपासून मोठं शिखर शोधतो.

डायोड शाबूत आहेत की नाहीत, हे पुठ्ठ्याने तपासता येतं. हे काम पॅनेल बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, कारण ओळीत तीनशेच्या घरात डीसी व्होल्टेज असतं. सावली नसताना तो प्रत्येक गटातला एक सेल पुठ्ठ्याने पूर्ण झाकून आकडे बघेल. दहा व्होल्टची घसरण झाली आणि प्रवाह तसाच राहिला तर डायोड ठीक आहे. झाकल्यावर काहीच बदललं नाही तर डायोड बहुधा शॉर्ट झालेला आहे आणि तो गट आधीपासूनच बाद आहे. वळवाच्या गडगडाटात वीज जवळपास पडली की असं होतं. झाकल्यावर प्रवाह कोसळला किंवा व्होल्टेज दहापेक्षा बरंच जास्त उतरलं, तर डायोड तुटलेला आहे. हा दोष मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण सावली नसेपर्यंत असं पॅनेल पूर्ण वीज देतं आणि कुणाला शंकाही येत नाही. तेव्हा पुठ्ठा लगेच काढायला हवा, नाहीतर चाचणीतच सेल जळेल. बऱ्याच पॅनेलचे जंक्शन बॉक्स आतून रसायन ओतून बंद केलेले असतात आणि त्यातला डायोड बदलता येत नाही. तसं असेल तर पॅनेलच वॉरंटीत बदलून मागावं आणि तोवर ते ओळीतून काढून ठेवावं.