तपासायला दिलेला निबंध कुठे जातो

विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रबंधाची बांधणी करून मिळते तसाच मजकूर दुसरीकडून उचललाय का हे सांगणारा 'प्लॅजरिझम रिपोर्ट'ही काढून मिळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातल्या एका मुलीने प्रबंधाचा कच्चा मसुदा असाच एका दुकानातून तपासून घेतला. साम्य अगदी कमी निघालं, ती निश्चिंत झाली. दोन महिन्यांनी ग्रंथालयातून अधिकृत तपासणी झाली, तेव्हा तिचा जवळजवळ सगळा प्रबंध 'उचललेला' ठरला. उचलला कुठून, तर तिच्याच मसुद्यातून. दुकानदाराने कोणाच्या तरी खात्यातून फाइल चढवली होती आणि त्या खात्याची मांडणी अशी होती की चढवलेला प्रत्येक मजकूर कंपनीच्या साठ्यात कायमचा जमा व्हायचा. प्रकरण निस्तरलं, पण तिने विचारलेला प्रश्न राहिलाच: "सर, माझा मसुदा तिथे ठेवायला मी कधी हो म्हटलं होतं?"

हा प्रश्न कोर्टात जाऊन आलेला आहे. तिथे त्याचं उत्तर मिळालं नाही, आणि ते का मिळालं नाही यातच पुढचा गोंधळ दडलेला आहे.

उचललेला मजकूर पकडणारी टर्निटिन ही सेवा १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या परिसरात सुरू झाली. तिची युक्ती साधी होती. इंटरनेटवरचा मजकूर कोणीही धुंडाळू शकतो, पण गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने लिहिलेला आणि यंदाच्याने उतरवलेला निबंध इंटरनेटवर सापडत नाही. तो पकडायचा तर गेल्या वर्षीचा निबंध आपल्याकडे जपून ठेवायला हवा. म्हणजे निबंधांचा साठा हेच त्या कंपनीचं भांडवल, आणि ते विद्यार्थ्यांकडून फुकट येत होतं. साठा जितका मोठा तितकी पुढची तपासणी चांगली. ही गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे, कारण निबंध साठवणं ही या सेवेतली चूक नव्हती, तीच सेवा होती.

पहिली गाजलेली कुरबूर कॅनडात झाली. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेसी रोझेनफेल्ड या विद्यार्थ्याने आपले निबंध टर्निटिनला द्यायला नकार दिला. त्याला शून्य गुण मिळाले. जानेवारी २००४ मध्ये विद्यापीठाच्या समितीने त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि ते निबंध टर्निटिनला न देताच तपासले गेले. पुढे २००६ मध्ये हॅलिफॅक्सच्या माउंट सेंट व्हिन्सेंट विद्यापीठाने ही सेवा वापरणंच बंद केलं. कॅनडात एक जादा धास्ती होती. साठा अमेरिकेतल्या यंत्रांवर होता आणि तिथल्या २००१ च्या दहशतवादविरोधी पेट्रियट कायद्याने सरकारला अशा साठ्यांत डोकावण्याचे बरेच अधिकार दिले होते. राजकारणावर, धर्मावर, स्थलांतरावर लिहिलेला निबंध परक्या देशाच्या कायद्याखाली जाणं अनेकांना खटकलं.

खरा खटला अमेरिकेत झाला. व्हर्जिनियातल्या मॅकलिन हायस्कूलमधले दोन आणि ॲरिझोनातल्या डेझर्ट व्हिस्टा हायस्कूलमधले दोन, असे चार विद्यार्थी २००७ मध्ये टर्निटिन चालवणाऱ्या आयपॅराडाइम्स कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. ती मुलं अल्पवयीन असल्याने निकालपत्रात त्यांची नुसती आद्याक्षरं आहेत. त्यांनी तयारी मात्र नीट केली होती. आधी आपल्या निबंधांची कॉपीराइट कार्यालयात नोंदणी केली, मग निबंधावरच लिहिलं की हा साठवून ठेवायला आमची परवानगी नाही, आणि मग तो चढवला. चढवताना 'मला मान्य आहे' हे बटण दाबावंच लागत होतं, नाहीतर शाळा शून्य देणार. सहा निबंध, प्रत्येकी दीड लाख डॉलर, अशी नऊ लाख डॉलरची मागणी होती.

मुलांचं दुखणं खाजगीपणाचं असताना खटला कॉपीराइटचा का? अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींचं रक्षण करणारा 'फर्पा' हा कायदा १९७४ पासून आहे. पण २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोंझागा विद्यापीठाच्या खटल्यात सांगून टाकलं होतं की या कायद्याखाली विद्यार्थ्याला स्वतः दावा लावता येत नाही. तक्रार केंद्रीय शिक्षण खात्याकडे करायची, आणि खात्याच्या हातात शाळेचा निधी रोखण्याचं हत्यार. कंपनीला हात लावायला त्यात वाटच नव्हती. ती कॉपीराइटमध्ये होती, म्हणून मुलं तिकडून शिरली. वकिली डावपेच म्हणून हे बरोबरच होतं, पण त्यामुळे कोर्टापुढचा प्रश्नच बदलला.

मार्च २००८ मध्ये जिल्हा न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि १६ एप्रिल २००९ रोजी अपील न्यायालयाने तो उचलून धरला. मुद्दा असा की कंपनी निबंध कोणाला वाचायला विकत नाही. तिचे कर्मचारीही ते वाचत नाहीत. मजकूर फक्त दुसऱ्या मजकुराशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेला असतो, हा वेगळा उपयोग आहे, म्हणून 'फेअर यूज', म्हणजे लेखकाच्या परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर. बाजारभावाचं नुकसान म्हणावं तर मुलांनीच कबूल केलं होतं की निबंध विकणाऱ्या संकेतस्थळांना आपण आपले निबंध विकणार नाही, कारण ते अप्रामाणिकपणाचं होईल. प्रामाणिकपणाची किंमत मोजावी लागते ती अशी! बटण दाबल्यामुळे झालेल्या कराराबद्दल अपील न्यायालयाने काही बोलायचंच टाळलं. फेअर यूज ठरल्यावर त्याची गरज नाही असं म्हटलं. म्हणजे हरकत लिहून दिलेल्या, न मानल्यास शून्य मिळणाऱ्या अल्पवयीन मुलाची संमती ही संमती आहे का, या प्रश्नावर वरच्या कोर्टाने शिक्का मारलाच नाही.

पण शाळा-कॉलेजांनी निकालाचा अर्थ सरसकट घेतला: चढवायला हरकत नाही.

निदान तोवर एक गोष्ट जागेवर होती. संस्था आणि कंपनी यांच्यात करार असे. फर्पाच्या नियमांत २००८ च्या शेवटी स्पष्ट लिहिलं गेलं की बाहेरच्या कंत्राटदाराला विद्यार्थ्यांच्या नोंदी देता येतील, पण तो संस्थेचंच काम करत असला पाहिजे आणि त्या नोंदींच्या वापरावर थेट ताबा संस्थेचा असला पाहिजे. करार असला की काही खुंट्या हातात राहतात. टर्निटिनमध्ये शिक्षकाला ठरवता येतं की निबंध सर्वांच्या सामाईक साठ्यात जाईल, फक्त आपल्या संस्थेच्या साठ्यात जाईल, की कुठेच जमा होणार नाही. आमच्या त्या मुलीच्या बाबतीत नेमकी पहिली खुंटी फिरवलेली होती. सामाईक साठ्यात गेलेला निबंध दुसऱ्या संस्थेत जुळला, तर तिथला शिक्षक तो पूर्ण बघायची विनंती करू शकतो. ती विनंती जाते मूळ शिक्षकाकडे. विद्यार्थ्याला कोणी विचारत नाही. आणि शिक्षकाने आपल्या वर्गाच्या यादीतून निबंध काढून टाकला तरी साठ्यातली प्रत आपोआप पुसली जात नाही, त्यासाठी संस्थेमार्फत वेगळी मागणी करावी लागते. बहुतेक शिक्षकांना हे माहीत नसतं. मलाही ते प्रकरण घडेपर्यंत नव्हतं.

नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि ही कराराची भिंतही पडली. जानेवारी २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने मजकूर माणसाने लिहिलाय की यंत्राने हे सांगणारं जीपीटीझीरो काढलं, मागोमाग अशा साधनांचा पाऊस पडला. एक रिकामा चौकोन, त्यात मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, टक्केवारी हजर. खातं नको, पैसे नकोत, संस्थेची परवानगी नको. रात्री साठ निबंध तपासत बसलेल्या शिक्षकाला आणखी काय हवं? पण आता कंपनीशी नातं होतं ते शिक्षकाचं एकट्याचं, आणि तेही न वाचलेल्या अटींवर. संस्थेचा ताबा हा शब्दच तिथे गैरलागू झाला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनचं एआय ओळखणारं साधन बंद केलं, ते मुख्यतः त्याच्या अचूकतेवर भरवसा नसल्यामुळे. पण त्याच निवेदनात त्यांनी हेही म्हटलं की दुसऱ्या कंपन्यांची साधनं जास्त अचूक असली तरी ज्यांची धोरणं ठाऊक नाहीत अशांच्या हाती विद्यार्थ्यांचा मजकूर देणं हा खाजगीपणाचा खराखुरा प्रश्न आहे.

'मी नाव खोडून टाकते, मग काय बिघडतं?' असं एका मैत्रिणीने मला विचारलं होतं. ती दहावीला मराठी शिकवते. मजकूर चिकटवला तर एक वेळ ठीक, पण अख्खी वर्डची फाइल चढवली तर पानावरचं नाव खोडून भागत नाही. `.docx` फाइल म्हणजे खरं तर एक झिप गाठोडं असतं. ते सोडलं की आत `docProps/core.xml` मध्ये असं काहीतरी सापडतं:

```
<dc:creator>विद्यार्थ्याचं नाव</dc:creator>
<cp:lastModifiedBy>शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव</cp:lastModifiedBy>
```

हे वर्डमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' करून काढता येतं. निबंधातला मजकूर मात्र काढता येत नाही. 'माझ्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग' हा विषय दिला की मुलं खरंच लिहितात. वडिलांचं पिणं, बहिणीचं मोडलेलं लग्न, गावाचं नाव, दवाखान्याचं नाव. पंधरा ओळींत ते घर गावातल्या कोणालाही ओळखू येतं. शिक्षिकेवर विश्वास ठेवून लिहिलेला तो मजकूर चौकोनात पडला की तो कुठे आणि किती दिवस राहतो, पुढे कशासाठी वापरला जातो, हे त्या संकेतस्थळाच्या अटींवर ठरतं, आणि अटी बदलण्याचा हक्क ते संकेतस्थळ स्वतःकडे ठेवतं.

आपल्याकडे हा विषय आला तो प्रबंधांच्या वाटेने. युजीसीच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आणि त्यापुढे पायरीपायरीने शिक्षा असं ठरवलं. २०१९ मध्ये गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या केंद्राने 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना साम्य तपासणारी उर्कुंड ही स्वीडिश सेवा दिली. पुढे उर्कुंडचं ओरिजिनल झालं आणि २०२१ मध्ये ते टर्निटिननेच विकत घेतलं. मसुदा चढवताना ज्या कंपनीचं नाव दिसत होतं, तिचा मालक दोन वर्षांत बदलला. पूर्ण झालेला प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुला असतोच, त्यामुळे त्याबद्दल फारशी कुरकुर झाली नाही. पण अर्धवट मसुदा खुला नसतो आणि शाळेतला निबंध तर मुळीच नसतो. नियम मात्र प्रबंध डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा वेगळ्या जागी उभा आहे. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि संस्थेने दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं तर वैध करार लागतो. शाळांना काही सूट आहे, पण ती मुलांवर लक्ष ठेवण्यापुरती, शिक्षण आणि सुरक्षेच्या कारणासाठी. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. माझी ती मैत्रीण सध्या निबंध चिकटवण्याआधी गावांची नावं बदलते. दवाखान्याचं नाव बदलायचं मात्र विसरते, असं तिनेच मला सांगितलं.