परसबागेतील भाज्यांची मांडणी (नागपूर)

परसबागेत कोणती भाजी कुठे लावायची हे उंची, उन्हाची गरज आणि शेजारचे झाड पाहून ठरवतात. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि सावल्या उत्तरेकडे पडतात. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सावली वस्तूच्या उंचीइतकी असते, सकाळी नऊला मात्र दुपटीहून थोडी जास्त. म्हणून हिवाळी वाफ्यात उंच भाजी उत्तरेला आणि बुटकी दक्षिणेला लावतात.

उत्तर-दक्षिण बारा फुटांचा वाफा घेऊ. अगदी उत्तर टोकाला वालाचा सहा फुटी मांडव. त्याची सावली वाफ्याबाहेर पडते, तिथे पायवाट किंवा खताचा खड्डा ठेवावा. मांडवापासून तीन फुटांवर काठ्यांच्या आधाराने वाढणारे टमाटर, मग दीड-दीड फुटांवर पानकोबी आणि दक्षिण काठाला मेथी व सांबार (कोथिंबीर). टमाटरला दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागते, पालेभाज्या चार तासांतही भागवतात. ही सूट पाहून अनेकजण मेथी टमाटरच्या उत्तरेला ढकलतात, आणि तिथेच फसतात. चार फुटी टमाटर दुपारीही चार फूट सावली टाकते. मेथीची कांडी लांबट, पाने फिकट आणि रोप एका बाजूला कलंडलेले दिसले, की ऊन कमी पडते आहे असे समजावे.

टमाटरच्या ओळीत दोन्ही टोकांना आफ्रिकन झेंडू लावतात. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. पण दोघांची फुले एकाच वेळी यायला हवीत, म्हणून झेंडूचे रोप टमाटरच्या रोपापेक्षा साधारण पंधरा दिवस जुने असावे. शिवाय कळ्यांवरच्या अळ्या दर दोन-तीन दिवसांनी वेचाव्या लागतात. तेवढे होत नसेल, तर झेंडू म्हणजे अळीचे पाळणाघरच. सांबाराची थोडी रोपे फुलू द्यावीत. मावा खाणारे मित्रकीटक त्या फुलांवर येतात.

वांगी आणि मिरची टमाटरला लागून नको, कारण जिवाणूजन्य मर रोग तिघांनाही होतो आणि पाटाच्या पाण्यासोबत पसरतो. हिरवेगार झाड अचानक मान टाकते. त्याच्या खोडाचा तुकडा पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरला, की काही मिनिटांत कापातून दुधट धागे उतरताना दिसतात.

उन्हाळ्यात ही मांडणी चालत नाही. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, सावली उत्तरेला फारशी पडतच नाही, आणि पालेभाज्या करपतात त्या दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाने. तेव्हा दोडक्याचा मांडव पश्चिम काठाला, उत्तर-दक्षिण लांबीत घालतात. सहा फुटी मांडवाची सावली तीनच्या सुमारास पूर्वेला पाच फूट आणि चार वाजता आठ फुटांपर्यंत जाते. चवळी आणि पालक त्या पट्ट्यात लावतात. वेल मात्र फेब्रुवारीतच टोचलेला हवा, नाहीतर मे उजाडतो तेव्हा मांडवावर पाने कमी आणि काठ्याच जास्त असतात.