बुडबुडे थांबले, पण साखर संपली म्हणून की यीस्ट थकलं म्हणून?

घरी रसाची वाइन करताना बरणीवरच्या एअरलॉकमधून, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या झाकणातून, बुडबुडे यायचे थांबले, तळाला साका बसला, वरचा रस निवळला, की बहुतेक लोक म्हणतात झालं फर्मेंटेशन. पण बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या या अवस्थेत दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी असू शकतात. एकात यीस्टला खायला काही उरलेलं नसतं, दुसऱ्यात साखर समोर भरपूर असते पण यीस्टला ती आत घेता येत नाही, कारण त्यानेच केलेल्या अल्कोहोलने त्याला टेकीला आणलेलं असतं. हा फरक न कळता रस बाटल्यांत भरला तर एखाद दिवशी बाटली फुटते, म्हणून जरा नीटच सांगतो.

आधी अल्कोहोल होतं कसं ते. यीस्ट ग्लुकोजचा एक रेणू आत घेतं, त्याचे दोन सारखे तुकडे करतं (याला पायरुवेट म्हणतात) आणि या तोडफोडीत त्याला दोन एटीपी, म्हणजे पेशीचा खर्चाचा पैसा, मिळतात. कमाई एवढीच. पण तोडताना एनएडी नावाचा एक मदतनीस रेणू हायड्रोजन घेऊन भरून जातो आणि तो रिकामा झाल्याशिवाय पुढचं ग्लुकोज तुटत नाही, म्हणून यीस्ट काय करतं, पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं (हेच आपले बुडबुडे), उरतं ते अ‍ॅसिटाल्डिहाइड, आणि एनएडीवरचा हायड्रोजन त्याच्यावर टाकून देतं, की झालं इथेनॉल. म्हणजे यीस्टच्या दृष्टीने अल्कोहोल हा हायड्रोजन टाकायचा उकिरडा आहे. सगळा हिशोब एका ओळीत:

```
C6H12O6 → 2 C2H5OH + 2 CO2
```

१८० ग्रॅम ग्लुकोजमधून कागदावर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम गॅस, जवळजवळ निम्मं निम्मं. प्रत्यक्षात अल्कोहोल थोडं कमी पडतं कारण काही साखर यीस्ट स्वतःचं अंग वाढवायला वापरतं.

आता दोन बरण्या शेजारी ठेवू. दोन्हीत एकच यीस्ट, साधारण १४ टक्के अल्कोहोल सोसणारं. पहिल्या बरणीतल्या रसाची हायड्रोमीटरवरची सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत रस किती जड तो आकडा, १.०९०, दुसरीत साखर जास्त, १.१२०. काही आठवड्यांनी दोन्ही गप्प. डोळ्यांनी बघितलं तर कुठली कुठली सांगता येणार नाही.

हायड्रोमीटर घाला मग. पहिली ०.९९६ दाखवते. पाण्याच्या १.००० पेक्षाही खाली, आणि हे बरोबर आहे, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं आणि त्याला जड करायला साखर आता जवळपास उरलेली नाही. दुसरी १.०१३ वर अडकलीय. अल्कोहोलचा ढोबळ अंदाज काढायला दोन ग्रॅव्हिटींमधला फरक १३१.२५ ने गुणायचा, पहिलीत ०.०९४ चे १२.३ टक्के येतात, दुसरीत ०.१०७ चे १४ टक्के. म्हणजे पहिली थांबली ती साखर संपल्यामुळे, यीस्टमध्ये अजून दम होता. दुसरी बरोबर यीस्टच्या मर्यादेवर येऊन थांबली आणि साखर तशीच राहिली. चाखून बघितलं तर पहिली कोरडी लागते, दुसरी गोड, आणि त्या गोडीत जास्त वाटा फ्रुक्टोजचा असतो, कारण हे यीस्ट आधी ग्लुकोज संपवतं आणि फ्रुक्टोज मागे ठेवतं.

१४ टक्क्यांना असं होतं तरी काय? मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात आवडतो. इथेनॉलचा रेणू लहान आहे आणि तो पाण्यातही मिसळतो, चरबीतही. यीस्टच्या पेशीचा पडदा चरबीचाच असतो. अल्कोहोल त्यात घुसतं, पडदा सैल होतो आणि गळायला लागतो, बाहेरच्या आंबट रसातले हायड्रोजन आयन आत झिरपायला लागतात. पेशीचं आतलं वातावरण इतकं आंबट होऊन चालत नाही, म्हणून ती पंप लावून ते बाहेर काढत बसते आणि प्रत्येक वेळी एटीपी खर्च होतो. म्हणजे गळक्या होडीतून पाणी उपसण्यासारखंच, वल्हं मारायला हात मोकळा नाही. त्यात भर म्हणजे याच पडद्यात साखर आत घेणारी प्रथिनंही बसलेली असतात आणि तीही मंदावतात, म्हणजे खर्च वाढला आणि कमाई घटली. आधी पेशी वाढायच्या थांबतात, मग साखर खाणं मंदावतं आणि पुढे त्या मरायला लागतात.

म्हणूनच १४ हा आकडा भिंतीसारखा नसतो. यीस्टची जात बदलली की बदलतो, वाइनच्या काही जाती १८ टक्क्यांपर्यंत जातात. आणि एकाच जातीतही पडदा किती मजबूत त्यावर ठरतो. पडदा घट्ट ठेवणारं एर्गोस्टेरॉल बनवायला यीस्टला ऑक्सिजन लागतो, आणि कळी फुटून नवी पेशी झाली की हा साठा दोघींत वाटला जातो, त्यामुळे ऑक्सिजन नसेल तर प्रत्येक पिढीत पडदा कमकुवत होत जातो. सुरुवातीला रस जोरजोरात हलवून हवा भरायचा सल्ला देतात त्यामागचं कारण हे. नंतर मात्र हवा नको, अल्कोहोल बिघडतं. उकाडाही वाईट, जास्त तापमानाला तेवढंच अल्कोहोल पडद्याला जास्त बाधतं.

गोंधळ वाढवणारी अजून एक गोष्ट आहे. समजा बरणी १.०९० वरून सुरू झाली आणि १.०४० वर अडकली, म्हणजे अल्कोहोल जेमतेम ६.६ टक्के. साखर भरपूर आहे आणि मर्यादा लांब आहे, तरी बंद. इथे दोष अल्कोहोलचा नाही, बहुतेक वेळा थंडी लागलेली असते नाहीतर यीस्टला नायट्रोजन कमी पडलेला असतो. बरणी उबेत आणून, साका हलकेच ढवळून बघायचं, बऱ्याचदा चालू होते.

दुसरी बरणी मात्र ऊब देऊन पुढे सरकेल अशी आशा धरू नका, आणि त्यात नवीन यीस्ट सरळ टाकूही नका, १४ टक्क्यांत पडलेलं ताजं यीस्ट लगेच गप्प होतं. जास्त सोसणारी जात आणायची, ती थोड्या गोड पाण्यात जागी करायची, फेस आला की त्यात बरणीतला थोडा रस घालायचा, परत फेस आला की अजून थोडा, असं सवय लावत लावत शेवटी सगळ्यात मिसळायची. तरीही कधीकधी होत नाही.

साखर घालून तपासता येतं का असं विचारतात. येतं, पण बरणीत नको, एका ग्लासात घ्या. पहिल्या बरणीतल्या रसात चमचाभर साखर टाकून उबेत ठेवली तर एकदोन दिवसांत बारीक बुडबुडे दिसायला लागतात, दुसरीतला रस फक्त अजून गोड होतो.

आणि बाटल्या भरताना भीती दुसऱ्या बरणीचीच. पहिलीत खायला काहीच नाही, पण दुसरीत साखर आहे आणि सगळं यीस्ट मेलेलं नसतं. काही पेशी महिनोन्महिने तग धरून पुन्हा हळूहळू खायला लागल्या तर गॅस बंद बाटलीतच साठतो. म्हणून थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा हायड्रोमीटर घालायचा, आकडा तसूभरही हलला नाही तरी गोड रस असेल तर साक्यावरून काढून, यीस्टची वाढ रोखणारं सॉर्बेट सल्फाइटसोबत घालून मगच बूच लावायचं.